मदत हवी आहे: ग्रुपच्या तीन कंपन्यांचं येणं-देणं वळतं करून बँकेचा खर्च वाचेल का?

टॉवेलवाला_एमआयडीसी: नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. जर्मनीत आणि दुबईत आमच्याच ग्रुपच्या कंपन्या आहेत. जर्मनीकडून आम्हाला टॉवेलचे १ लाख डॉलर यायचेत, आम्ही दुबईला रंगांचे ६० हजार द्यायचेत, दुबईने जर्मनीला मालाचे ४५ हजार. शिवाय जर्मनीतल्या गोदामाचं भाडं ८ हजार आमच्या अंगावर आहे. दर वेळी ट्रान्सफरचे चार्जेस, वर डॉलरमागे २५ पैसे बँकेचे. सगळं एकत्र करून उरलेलंच पाठवलं तर चालेल का?

सूतगिरणी७७: एवढा व्याप कशाला? ईईएफसी खातं उघडा. आलेले डॉलर तिथेच ठेवून दुबईला द्या, रूपांतर होणारच नाही.

जोडभावीकर: माझ्याही दोन फर्म आहेत, एक पेठेत, एक होटगी रोडला. त्यांचं येणं-देणं मी नुसत्या जर्नल एंट्रीने वळतं करतो. तसंच करा की!

फॉरेक्सताई: जोडभावीकर दादा, तुमचं रुपयातलं आहे. इथे फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा आडवा येतो, नुसती एंट्री चालत नाही.

टॉवेलवाले, आधी मालाचा हिशेब. तुम्हाला निव्वळ ४० हजार येणं, दुबईला १५ हजार येणं, जर्मनीला ५५ हजार देणं. जर्मनी दोन ट्रान्सफर करेल, विषय संपला. २ लाख ५ हजारांऐवजी ५५ हजारच फिरतील. तुमचं रूपांतर १ लाख ६० हजारांवरून ४० हजारांवर येतं, म्हणजे २५ पैशांनी ३० हजार रुपये वाचले. पण खरं सांगायचं तर ईईएफसीनेही तेवढेच वाचतात, फक्त जर्मनीचे पैसे दुबईच्या तारखेआधी यायला हवेत. आणि न वापरलेले डॉलर पुढच्या महिनाअखेरीस रुपयात करावेच लागतात.

गोदामभाडं यात घालू नका. ती सेवा आहे, मालाच्या येण्यातून वळती होत नाही. ग्रुपमध्ये असं वळतं करण्याला, म्हणजे नेटिंगला रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली, त्यात हे स्पष्ट आहे. सगळं एकाच एडी, म्हणजे परकीय चलन व्यवहाराची परवानगी असलेल्या बँकेमार्फत, ग्रुपचा लेखी करार, आणि निर्यात-आयात एकाच कॅलेंडर वर्षातली. डिसेंबरचं बिल जानेवारीच्या आयातीशी जुळवायला गेलात तर अडकाल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का याची नोंद ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत. खात्यात ४० हजार आले, पण शिपिंग बिल १ लाखाचं. बँकेने दोन्ही बाजू पूर्ण रकमेने नोंदवल्या नाहीत तर ६० हजार थकीत दिसत राहतात. नेटिंगनंतर ते बिल बंद झालं का, हे बँकेकडून लेखी घ्या.

सूतगिरणी७७: तारखेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण तीनच कंपन्यांसाठी करार, वकील… परवडतं का?

फॉरेक्सताई: महिन्याला एकच फेरा असेल तर मलाही शंका आहे. जर्मनीने रंगफरकाचा क्लेम टाकला, तर ते बिल त्या फेऱ्यातून बाहेर ठेवावं लागेल, मग आकडेच बदलतात.

टॉवेलवाला_एमआयडीसी: ताई, अजून एक घोळ. १ लाख डॉलर ठरलेल्या दराने बँकेला विकायचं फॉरवर्ड आधीच बुक केलंय. आता ४० हजारच येणार, तर उरलेल्या ६० हजारांचं काय? रद्द करताना दर वर असेल तर फरक भरावा लागेल ना?

फॉरेक्सताई: हो, भरावा लागेल. दर खाली असेल तर उलट फायदा. रोलओव्हर करून, म्हणजे मुदत पुढे ढकलून पुढच्या निर्यातीला लावता येईल का, ते तुमच्या बँकेच्या ट्रेझरीला विचारा.