बॅज गटवार छापले, कापल्यावर गट मिसळले

नवी स्वयंसेविका: 236 जणांची नोंदणी, 12 गट, गटात 19-20 जण. एका पानावर आठ बॅज. एक्सेलमध्ये गटवार सॉर्ट करूनच मेल मर्ज केला, तरी कापल्यावर सगळे गट एकमेकांत मिसळले. मग सॉर्ट करून उपयोग काय?

खटपट्या: एक्सेलमध्ये करायचंच कशाला? वर्डमध्ये Edit Recipient List उघडा, गटाच्या रकान्यावर सॉर्ट करा. झालं.

कटरवाला: त्याने काही होणार नाही, घोळ कटरखाली झालाय. तीसही पानं एकावर एक ठेवून कापलीत ना? मग पहिल्या गठ्ठ्यात पहिला, नववा, सतरावा असेच बॅज येणार.

गटवार सॉर्ट झालं की A रकान्यात 1 ते 240 आकडे टाका. ROW() वापरू नका, पुढच्या सॉर्टला ते बदलतात. शेजारच्या रकान्यात हे:

```
=MOD(A2-1,30)*8+INT((A2-1)/30)+1
```

30 म्हणजे पानं, 8 म्हणजे पानावरचे बॅज. या रकान्यावर चढत्या क्रमाने सॉर्ट करून मर्ज करा. आता पहिल्या गठ्ठ्यात 1 ते 30, दुसऱ्यात 31 ते 60. गठ्ठे एकाखाली एक ठेवले की गट सलग. शेवटच्या चार कोऱ्या ओळी मात्र उडवू नका. त्या 27 ते 30 या पानांवर आठव्या जागी बसतात. काढल्या तर पुढचं सगळं एकेका घराने सरकतं.

आणि रकान्यात ‘गट 2’ लिहिलं असेल तर ‘गट 10’ त्याच्या आधी येतो. ‘गट 02’ करा.

दारावरची: एवढा खटाटोप कशासाठी? येणारा माणूस नाव सांगतो. निम्म्यांना आपला गट ठाऊकच नसतो. नावाच्या क्रमाने लावा, गटासाठी रंगीत पट्टी छापा.

नवी स्वयंसेविका: आमच्याकडे गटप्रमुख आपला गठ्ठा घेऊन जातात, दारात वाटप नाही.

शाईचे डाग: माझ्याकडे पानावरच्या आठही बॅजवर एकच नाव येतंय. सॉर्ट चुकलं का?

कटरवाला: सॉर्टचा संबंध नाही. बाकीच्या घरांत Next Record हे फील्ड नाही. पहिलं घर नीट करून Update Labels दाबा.

साधा हिशेब: सूत्र हुशार आहे, पण आदल्या रात्री पाच नावं वाढली की 241, म्हणजे 31 पानं आणि सगळं पुन्हा. त्यापेक्षा प्रत्येक गटाखाली 24 होईपर्यंत कोऱ्या ओळी घाला. गटाला बरोबर तीन पानं, एकूण 36. एकेक गट वेगळा कापा. सहा पानं जास्त जातील, पण गट मिसळणार नाहीत.

कटरवाला: वाढलेली पाच वेगळी छापून हाताने खोचा की! बारा वेळा कटर लावण्यापेक्षा ते बरं.

साधा हिशेब: तीन पानं सरळ कापली जातात. तीसचा गठ्ठा कटरखाली सरकतो आणि खालच्या बॅजवरची आडनावं छाटली जातात, ते कोण खोचणार?