मदत हवी आहे: गरोदरपणातल्या वाढत्या बीपीचा तक्ता, रजिस्टरमधल्या तुटक नोंदींवरून

उपकेंद्र_सीएचओ

एका मातेच्या नोंदी रजिस्टर, माता-बाल कार्ड आणि आरोग्यसेविकेची वही अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र करून एका पानाचा तक्ता करायचा आहे. माता सध्या ग्रामीण रुग्णालयात दाखल आहे, त्यामुळे उपचाराचा सल्ला नको, तक्त्याबद्दल सांगा. असेच तक्ते बाकीच्या जोखमीच्या मातांचेही करायचे आहेत.

शेवटच्या पाळीची तारीख 6 जानेवारी 2025, पहिली खेप. नोंदी जशा लिहिल्या आहेत तशाच देते:

7 एप्रिल: 110/70, अल्ब्युमिन निल
9 जून: 106/64, निल, हालचाल +
9 ऑगस्ट: 124/80, अल्ब्युमिनच्या रकान्यात "-", हालचाल +
25 ऑगस्ट: 132/86, ट्रेस, पायाला सूज
4 सप्टेंबर: 142/92, वीस मिनिटांनी 138/88, 1+, डोकं दुखतं
5 सप्टेंबर सकाळी: 144/94, 2+, "बाळ कमी फिरतं म्हणते"

एक्सेलमध्ये भेट 1, भेट 2 असा रेषेचा आलेख काढला. चढ अगदी सावकाश दिसतो. लघवी, लक्षणं आणि हालचाल त्यावर कुठे बसवायची हेही कळत नाही. 4 तारखेची दोन रीडिंग आहेत, त्यांची सरासरी घेऊ का?

प्रसूती_तालुका

आधी आडव्या अक्षाबद्दल, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. तुम्ही भेटींचे क्रमांक टाकले, म्हणून नऊ आठवड्यांचं अंतर आणि दहा दिवसांचं अंतर कागदावर सारखंच झालं. आडवा अक्ष गर्भाच्या आठवड्यांचाच हवा. तुमच्या तारखा मोजल्या तर 13+0, 22+0, 30+5, 33+0, 34+3 आणि 34+4 येतात.

आता फक्त वरचं बीपी बघा. 22 ते 30+5 या काळात 18 ने वाढलं, म्हणजे आठवड्याला साधारण 2. पुढच्या सोळा दिवसांत 8, म्हणजे आठवड्याला साडेतीन. त्यापुढच्या दहा दिवसांत 10, म्हणजे आठवड्याला 7. वेग दर टप्प्याला जवळजवळ दुप्पट झालाय. 25 ऑगस्टला 132/86 हा आकडा एकटा पाहिला तर कुणीही "ठीक आहे" म्हणून पुढच्या महिन्याची तारीख दिली असती. आठवड्यांच्या अक्षावर तोच ठिपका चढावर उभा दिसतो आणि पुढची भेट आठवड्याभरात ठेवावीशी वाटते. तक्ता करायचा तो एवढ्यासाठीच.

सरासरी अजिबात नको. दोन्ही रीडिंग एकाच उभ्या ओळीत टाका, पहिलं भरीव ठिपक्याने, दुसरं पोकळ. 142/92 आणि 138/88 ची सरासरी 140/90 येते आणि असा आकडा त्या बाईच्या दंडावर कधी आलेलाच नसतो. शिवाय निदानासाठी 140/90 किंवा जास्त हे किमान चार तासांच्या अंतराने दोनदा दिसावं लागतं, वरचं किंवा खालचं कुठलंही चालतं. तुमच्याकडे 4 ची 142/92 आणि 5 ची 144/94 अशी जोडी आहे. सरासरीत ती दिसेनाशी होते.

140 आणि 90 वर एक आडवी रेघ मारा, 160 आणि 110 वर लाल रेघ. लाल रेघेला पोचलेल्या रीडिंगसाठी चार तास थांबायचं नसतं. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं, आणि तितकंच राहिलं तर औषध आणि रवानगी लगेच. तक्ता नंतर भरता येतो.

एक्सेल_काका

मी वैद्यकीय नाही, फक्त शीटबद्दल सांगतो. "लाइन" प्रकारचा आलेख प्रत्येक नोंदीला सारखीच जागा देतो, म्हणून "स्कॅटर" निवडा. B1 मध्ये पाळीची तारीख, A5 पासून खाली भेटीच्या तारखा. दोन रकाने करा, पहिला आलेखासाठी, दुसरा वाचायला:

```
=(A5-$B$1)/7
=INT((A5-$B$1)/7)&"+"&MOD(A5-$B$1,7)
```

दुसऱ्याचं उत्तर "34+3" असं येतं आणि तो मजकूर असतो, आकडा नव्हे. तो रकाना अक्षाला दिलात तर स्कॅटरसुद्धा गुपचूप 1, 2, 3 मोजायला लागतो आणि तुम्ही पुन्हा मूळ पदावर. अक्षाला पहिलाच रकाना द्या. तारखा "4.9.25" अशा टाइप केल्या असतील तर `#VALUE!` येण्याची शक्यता असते, त्या 4/9/2025 अशा करून घ्या. न मोजलेल्या बीपीच्या जागी 0 टाकू नका, रेघ थेट तळाला आपटते.

वहिनी_नाशिक

माझ्या बहिणीला सातवा महिना आहे. घरच्या मशीनवर 138/87 येतं आणि दवाखान्यात 128/80. मग कुठलं खरं धरायचं? मशीन बदलू का?

प्रसूती_तालुका

वहिनी, हा धागा नोंदींच्या तक्त्याचा आहे, पण हे थांबवून ठेवण्यासारखं नाही म्हणून सांगतो. घरी मोजताना 135/85 पासूनच जास्त समजतात, त्यामुळे दवाखान्यातलं बरं आलं म्हणून घरचं सोडून देऊ नका. तिच्या डॉक्टरांना आजच आकडे कळवा आणि मशीन सोबत न्या. त्याच दंडावर त्यांचं आणि तुमचं आळीपाळीने लावून बघतील. पट्टा दंडाला तोकडा पडत असेल तर आकडा खोटाच चढा येतो, तेही तिथेच कळेल.

जुने_आरोग्यसहायक

एवढं काही लागत नाही. वरचं 30 ने किंवा खालचं 15 ने वाढलं की बीपी समजायचं. इथे 106 वरून 142, म्हणजे केव्हाच झालं. आणि लघवीत प्रोटीन येईपर्यंत ते साधं बीपी, प्रोटीन आलं की मगच काळजी. तक्त्यात हे दोनच रकाने ठेवा.

प्रसूती_तालुका

साहेब, 30/15 चा नियम आम्हीही शिकलो होतो. 2000 साली अमेरिकेतल्या कार्यगटाने तो निदानातून काढला, मात्र एवढी वाढ झालेल्या बाईवर जास्त लक्ष ठेवा असंही म्हटलं. म्हणजे तुमची नजर बरोबर आहे, तिला निदान म्हणता येत नाही इतकंच. त्यात 106/64 हा मधल्या महिन्यांतला खड्डा आहे. तेव्हा बीपी निसर्गतःच उतरतं आणि शेवटच्या तिमाहीत थोडं परत चढतं. तुलना 13 आठवड्यांच्या 110/70 शी करायची. पहिली भेटच विसाव्या आठवड्यानंतर झाली असेल तर तुलनेचा मूळ आकडा हाताशी नाही, असं तक्त्यावर लिहून ठेवा. आधीपासून बीपी असलेली बाई त्या खड्ड्यात लपून जाते.

प्रोटीनचं मात्र पटत नाही. लघवी स्वच्छ असूनही प्लेटलेट घसरतात, क्रिएटिनिन चढतं, डोकं फुटायला येतं. बीपीसोबत यातलं काही असेल तर प्रोटीनची वाट बघायची नाही. म्हणून लक्षणांची पट्टी वेगळी हवी.

सिस्टर_प्रसूतिगृह

आलेखाखाली आठवड्यांच्या त्याच अक्षाला जुळवून तीन पट्ट्या आखा: लघवी, लक्षणं, हालचाल. रेघ फक्त बीपीला. निल, ट्रेस, 1+, 2+ हे रंगांचे टप्पे आहेत, ते जोडायचे नाहीत, चौकोनात लिहायचे.

लघवीच्या चौकोनात "निल" आणि "केली नाही" यांत गल्लत होऊ देऊ नका. तुमची 9 ऑगस्टची "-" ही खूण मला फार खुपते. कुणी ती निल म्हणून मारतं, कुणी पट्ट्या संपल्या म्हणून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. साठा वहीत बघा, त्या दिवशी पट्ट्या होत्या का. कळलंच नाही तर चौकोनात "?" टाका, निल लिहू नका. पट्टी डबीवर दिलेल्या वेळेलाच वाचायची, प्रोटीनसाठी बहुतेक डब्यांवर 60 सेकंद असतात. उशिरा वाचली की रंग गडद होत जातो. डबी उघडी राहून दमट झाली किंवा लघवीत अंगावरचं पांढरं मिसळलं तरी आकडा फसवतो. नमुना मधल्या धारेचा घ्या.

लक्षणांच्या पट्टीत पायाच्या सुजेला मोठी जागा देऊ नका, दिवस भरत आलेल्या कितीतरी जणींना ती असते. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, वरच्या पोटात उजवीकडे दुखणं, धाप, लघवी कमी होणं, हे एकेक विचारायचं. विचारून "नाही" आलं तरच "नाही" लिहायचं. न विचारलेलं कोरं राहू दे.

हालचाल "+" म्हणजे ती "हो, फिरतं" म्हणाली, एवढंच. ती मोजणी नाही. 28 आठवड्यांनंतर जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून तासभर मोजायला सांगा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. तासात तीनपेक्षा कमी आल्या तर लगेच यायचं.

प्रसूती_तालुका

सिस्टर, मी दोन तासांत दहा ही पद्धत देतो. एका तासाची तीन ही मोजणी झोपलेल्या बाळाच्या वेळेत सापडली की उगाच घाबरवते.

सिस्टर_प्रसूतिगृह

दोन तास निवांत पडून राहायला घरात कुणाला मिळतं, सर? माझ्या पेशंट तासभरच कशाबशा देतात.

प्रसूती_तालुका

मान्य. कुठलीही घ्या, पण एका मातेच्या पट्टीत एकच पद्धत ठेवा आणि पट्टीच्या सुरुवातीला तिचं नाव लिहा. "10" हा आकडा कोणाचा, तासाचा की दोन तासांचा, हे नंतर कुणालाच कळत नाही. आणि मोजणी पुरेशी भरली तरी "रोजच्यापेक्षा कमी" असं आई म्हणाली तर तेच शब्द चौकोनात लिहा. 5 तारखेला तुम्ही तसंच केलंत, ते योग्य झालं.

उपकेंद्र_सीएचओ

स्कॅटरवर पुन्हा काढला. शेवटचे तीन ठिपके जवळजवळ उभेच राहिले, आणि खालच्या पट्ट्यांत ट्रेस, 1+ आणि 2+ त्यांच्याच खाली दाटीने आलेत.

साठा वही बघितली. 9 ऑगस्टला पट्ट्या नव्हत्या, 18 तारखेला आल्या. त्यामुळे त्या चौकोनात "केली नाही" लिहिलं. आता दिसतं की 22+0 ते 33+0, अकरा आठवडे लघवी तपासलेलीच नाही. आधीच्या तक्त्यात तिथे निल धरलं होतं.

बाळंतपणानंतर हा तक्ता थांबवायचा का? अक्ष 40 आठवड्यांना संपतो.

सिस्टर_प्रसूतिगृह

थांबवू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी बऱ्याचदा सगळ्यात वर जातं, आणि झटकेही बाळंतपणानंतर येऊ शकतात. नेमकी तेव्हा माता घरी गेलेली असते. उजवीकडे उभी रेघ मारून "दिवस 0" पासून नवा अक्ष सुरू करा, पहिला आठवडा रोजचा, पुढे सहा आठवड्यांपर्यंत. हालचालीची पट्टी तिथे बंद करा, लक्षणांची चालू ठेवा.

जुने_आरोग्यसहायक

पहिला आठवडा रोज मोजणार कोण? आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी असतात, आणि बीपीचं मशीन सगळ्यांकडे नाही.

उपकेंद्र_सीएचओ

आमच्याकडे पाच आशाताईंत एक मशीन आहे. तिसरा आणि सातवा दिवस नक्की भरता येईल, पाचव्याला मी स्वतः जाऊ शकते. बाकीचे चौकोन आखते आणि "केली नाही" लिहिते. कुणी यापेक्षा वेगळं बसवलं असेल तर सांगा.