नितीनचा गुडघा आणि २५० स्क्वॉट्स

नितीन (बी-५०२): मंडळी, कोणाकडे चांगला फिटनेस प्लॅन आहे का? पोट कमी करायचंय. उद्यापासूनच सुरू!

सुहास (ए-१०३): हा घे, ३० दिवसांचं स्क्वॉट चॅलेंज. पहिल्या दिवशी ५०, शेवटी २५०. मी कालपासून करतोय 💪

मेधाताई (सी-२०४): नितीन, थांब जरा. फिजिओ म्हणून विचारते. सध्या किती हालचाल असते? घरी सामान काय आहे? कुठे दुखतं का? आणि आठवड्यात खरंच किती वेळ मिळतो?

नितीन: ताई, तब्येत ठणठणीत. वेळ काय, काढू.

वर्षा (बी-५०२): ठणठणीत? लिफ्ट बंद होती तेव्हा कठडा धरून आडवे आडवे उतरत होते!

मेधाताई: कुठला गुडघा? सूज येते का? मध्येच अडकतो किंवा दगा देतो का?

नितीन: डावा. तसलं काही नाही. जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठलो की वाटीमागे दुखतं. दोन महिने झाले.

मेधाताई: मग खोल स्क्वॉट्स आत्ता नकोत. गुडघा जितका जास्त वाकवून भार घेशील तितकी वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. आता एक कर. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हाताची घडी छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभा राहतोस ते मोज. फार दुखलं तर थांब.

नितीन: ११. दम लागला 😅 थोडंसंच दुखलं.

वर्षा: सामान म्हणजे २ किलोचे दोन डंबेल. सध्या दार उघडं ठेवायला वापरतो. वेळ मंगळ, गुरू, रवि, फार तर २५ मिनिटं.

मेधाताई: बघ, आता प्लॅन होतो. खुर्चीवर एक उशी ठेव, म्हणजे गुडघा कमी वाकेल. सावकाश बसायचं-उठायचं, सहा वेळा, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. मग पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची, दहा वेळा, दोनदा. भिंतीला हात टेकून पुशअप्सही तितकेच. उरलेला वेळ सपाट रस्त्यावर चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं.

नितीन: आणि दुखलं तर?

मेधाताई: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर चालेल. सकाळीही जिना जड वाटला तर पुढच्या वेळी सहाचे चार कर. लागोपाठ दोनदा सहज जमलं तर आठ. बारा झाले की उशी काढ, डंबेल त्यानंतर. सूज आली किंवा गुडघा अडकला तर थेट डॉक्टर.

नितीन: पण पोट?

मेधाताई: ते एवढ्यानं उतरणार नाही. रात्री साडेदहाला काय खातोस ते वर्षाला विचारू का?

नितीन: नको 🙏

सुहास: ताई, माझ्या मांड्या धरल्यात. आज कमोडवरून उठताना नळ धरावा लागला. आजचे ५५ करू का?

मेधाताई: आज नको. तू आधी काय व्यायाम करायचास?

सुहास: कॅरम.