नफा वाढूनही भाव का पडतो
>कंपनीचा नफा २० टक्के वाढला, तरी शेअर पडला, हे कसे?

कारण भावात नफ्याची अपेक्षा आधीच मिसळलेली असते. समजा, नफा २५ टक्के वाढेल असे धरून खरेदीदारांनी शेअर १०० वरून १२० पर्यंत नेला होता. मग २० टक्क्यांची बातमी चांगली असूनही अपेक्षेपेक्षा कमी ठरते आणि भाव, समजा, ११६ वर येतो. म्हणजे भाव हलवते ती बातमी नव्हे, तर तिच्यातला अनपेक्षित भाग, आणि तो आधी ओळखता आला असता तर अनपेक्षित उरलाच नसता. उपलब्ध माहिती भावात आधीच सामावलेली असते, या कार्यक्षम बाजाराच्या कल्पनेचे मर्म माझ्या मते इथेच आहे. मात्र भाव नेहमी बरोबरच असतो, असा तिचा अर्थ नाही. चूक कोणत्या दिशेला आहे हे उपलब्ध माहितीवरून आधी सांगता येत नाही, एवढाच तिचा दावा आहे.