रूम टोनचा लूप म्हणजे कामचुकारपणा आहे का?

मेनवली_घाट
वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात शॉर्टफिल्म केली. स्वयंपाकघरात आजी आणि नातू बोलताहेत, सीन पावणेतीन मिनिटांचा. संवाद कापले की मधल्या जागा एकदम मेल्यासारख्या वाटायच्या. मग एका टेकच्या शेवटी सापडलेला चार सेकंदांचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, लूप केला आणि अख्ख्या सीनखाली पसरला. दिग्दर्शक मित्र म्हणतो, खोलीत कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतं, लूप म्हणजे कामचुकारपणा. माझं मत, लूपला काही होत नाही, याचेच कान नको तेवढे तिखट आहेत. तुम्हाला काय वाटतं?

हळदपेठ_सांगली
लूपच टाकायचा, दुसरं काय करणार? लोकेशनवर कोण एक मिनिट गप्प बसतंय? साऊंडवाल्यानं 'रूम टोन घेतोय' म्हटलं की निम्मं युनिट चहाला पळतं. मी जाहिरातींची कामं करतो. खाली एक सलग पट्टी टाकायची, लूपच्या सांध्याला चांगला सेकंदभराचा क्रॉसफेड द्यायचा, एक टोक उतरतं तोवर दुसरं चढतं, विषय संपला. लोक बघणार मोबाईलवर, तिथं कुणाला कळतंय? मित्राला म्हणावं, डोळे उघडे ठेवून सिनेमा बघ.

कोरेगावकरीण
मी डायलॉग एडिट करते, लूप रोज वापरते. तेव्हा कामचुकारपणा वगैरे काही नाही. पण तुमच्या मित्राचे कान बरोबर आहेत, आणि हळदपेठ यांची सलग पट्टी हेच त्या श्वासाचं एक कारण असावं.

असं बघा. आजीचं वाक्य वाजतं तेव्हा त्या वाक्याच्या मागे खोलीचा आवाज आधीच असतो, बूम माइकनं तो शब्दांबरोबर उचललेला असतो. त्याच्या खाली तुम्ही तितक्याच पातळीचा दुसरा टोन घातला की दोन्ही मिळून खोली 3 डेसिबलनं वर जाते. वाक्य संपलं, क्लिप संपली, की नुसती पट्टी उरते आणि खोली 3 डेसिबल खाली येते. पुढच्या वाक्याला परत वर. आजी बोलली की खोली फुगते, गप्प बसली की आक्रसते. हाच तुमचा श्वास.

दुसरं कारण लूपमध्येच असू शकतं. काही सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसफेड सरळ रेषेचा असतो. खोलीची सरसर म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले आवाज. एक अर्ध्यावर उतरला आणि दुसरा अर्ध्यावर चढला, तरी बेरीज पूर्ण भरत नाही, मधोमध 3 डेसिबलचा खड्डा पडतो. तुमच्याकडे तो दर चार सेकंदांनी पडत असणार. तिथे इक्वल पॉवर क्रॉसफेड लावा, खड्डा जाईल.

कोणतं कारण तुमचं, ते ओळखायला सोपं आहे. सगळे संवाद म्यूट करा, पट्टी एकटी ठेवा, आवाज चांगला वाढवा आणि डोळे मिटून ऐका. तरीही श्वास ऐकू आला तर दोष लूपचा. संवाद म्यूट केल्यावर श्वास गेला तर दोष दुप्पट झालेल्या खोलीचा. दोन्हीही असू शकतात.

आणि सेकंदभराचा क्रॉसफेड चार सेकंदांच्या तुकड्याला नको. एक सेकंद सांध्यातच खपतो, हाती तीन सेकंदांचा लूप उरतो, म्हणजे पुनरावृत्ती आणखी लवकर. लूप जितका आखूड, तितका कान त्याला लवकर पकडतो. एक-दीड सेकंदाचा असेल तर नुसत्या सरसरीतूनसुद्धा ठराविक अंतरानं ढुस ढुस ऐकू येते, ओळखता येण्यासारखा एकही आवाज त्यात नसला तरी.

कीर्तनरंग
एवढी खटपट कशाला? आम्ही देवळातलं कीर्तन रेकॉर्ड करतो, मागची घरघर नॉइज रिडक्शननं साफ काढतो. आवाज कसा स्वच्छ, शब्द न् शब्द कळतो. खोलीचा आवाज नकोच असेल तर तो मुळातच काढून टाका, भरायचा प्रश्नच राहत नाही.

कोरेगावकरीण
कीर्तनात बुवा अखंड बोलतात आणि मधे टाळ असतो, त्यामुळे तुम्हाला भोकं दिसत नाहीत. इथे एका वाक्यानंतर आजी दोन सेकंद नुसती चुलीकडे बघते. सगळं साफ केलंत की त्या दोन सेकंदांत शून्य उरतं, आणि शून्य कुठल्याच स्वयंपाकघरात नसतं. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला वाटतं वायर सुटली. हळदपेठ, मोबाईलवर कळत नाही म्हणता, पण मोबाईलला इअरफोन लावणारेच ते सगळ्यात आधी पकडतात.

थोडी सफाई करायची असेल तर जरूर करा, पण मग तीच सफाई त्याच सेटिंगनं भरावाच्या तुकड्यांवरही करा. संवाद धुतलेला आणि भराव तसाच, असं झालं की प्रत्येक सांधा परत दिसतो.

तिसरी_घंटा
मी नाटकवाला, सांगलीचा. माझा आक्षेप वेगळाच आहे. तुम्ही सगळे शांतता भरायच्या मागे का लागलात? आजी नातवाला काहीतरी जिव्हारी लागणारं बोलली आणि गप्प झाली, तिथे आवाज खरंच मेला तर बिघडलं कुठे? रंगमंचावर अशी शांतता मिळवायला आम्ही तीस-तीस तालमी करतो.

हळदपेठ_सांगली
राव, तुमच्या रंगमंचावर पंखा चालू असतो, खुर्च्या करकरतात, कोणतरी खोकतं. खरी शून्य शांतता तुम्ही आयुष्यात ऐकलेली नाही!

तिसरी_घंटा
हे मान्य. पण आजी गप्प झाल्यावर बाहेरचा आवाज हळूहळू कमी होत गेला, तर ते मी ठरवून केलेलं असेल. तो माझा निर्णय, तुमच्या लूपचा नव्हे.

कोरेगावकरीण
अगदी. पण हळूहळू उतरवायला आधी हातात काहीतरी अखंड असावं लागतं. क्लिप संपल्यामुळे पडलेलं भोक म्हणजे निर्णय नव्हे, ते राहून गेलेलं काम.

मेनवली_घाट
ताई, तुम्ही म्हणालात तसं संवाद म्यूट करून ऐकलं. श्वास निम्मा गेला, निम्मा राहिला, म्हणजे दोन्ही कारणं. आणि लाज वाटते सांगायला, त्या चार सेकंदांत एक पारवा आहे! वाड्याच्या आढ्यावर बसलेला, पंख फडकावतो. स्पेक्ट्रोग्राम उघडला तर तोच डाग तेवढ्याच अंतरावर सगळीकडे. पावणेतीन मिनिटांत चाळीस वेळा तोच पारवा उडतोय.

आता मला सांगा, लोकेशनवर वेगळा रूम टोन घेतलेलाच नाही, हे चारच सेकंद आहेत. उलटा करून जोडला तर? सरळ चार, उलटे चार, आठ सेकंदांचा लूप होईल, आणि सांध्याला लाट जुळतेही.

कोरेगावकरीण
नुसत्या सरसरीला उलटा तुकडा चालतो, मीही करते. पण पारवा उलटा फडफडला की आवाज आधी वाढत जातो आणि मग तुटतो. कारण कळत नाही, पण कानाला खटकतंच. पारवा आधी कापून काढा.

आणि चारच सेकंद आहेत असं समजू नका. रूम टोन टेकच्या आत लपलेला असतो. प्रत्येक टेक उघडा, नापास झालेलेही. साऊंडवाला 'स्पीड' म्हणतो आणि दिग्दर्शक 'ॲक्शन' म्हणतो, त्यामध्ये सगळे श्वास रोखून उभे असतात. वाक्य संपल्यापासून 'कट' ऐकू येईपर्यंत. नट वाक्य विसरला आणि आठवत राहिला, ती जागा तर सोनं. अर्धा सेकंद, पाऊण सेकंद, क्वचित दोन. असे दहा-बारा तुकडे निघाले की ते वेगवेगळ्या लांबीचे ठेवून जोडा. सात-आठ सेकंदांचा, ज्यात एकही ओळखू येणारा आवाज नाही असा भराव मिळतो. दीड-दोन सेकंदांच्या जागेला तेवढा पुष्कळ, बहुतेक ठिकाणी लूप करायची वेळच येत नाही.

फक्त आजीकडचे आणि नातवाकडचे तुकडे एकत्र करू नका. बूम कुठे वळला होता त्यावर खोलीचा रंग बदलतो. खिडकी कुणाकडे होती?

मेनवली_घाट
आजीच्या मागे. घाटावर धुणं आपटल्याचा आवाज तिच्या सगळ्या टेकमध्ये लांबून येतो. नातवाच्या मागे भिंत, तिथे काहीच नाही. आणि मी खिडकीकडचा टोन दोघांच्याही खाली घातलाय.

कोरेगावकरीण
मग दोन ट्रॅक करा. आजीच्या वाक्यांना मागे-पुढे तिच्याच भरावाचं शेपूट, नातवाला त्याचं. कट जिथे आहे तिथे एकाचं शेपूट दुसऱ्यावर चढवून हळू मिसळू द्या. वाक्याच्या खाली भराव घालू नका, वाक्य संपलं की सुरू करा.

हळदपेठ_सांगली
इथं मी अडतो. उद्या या फिल्मचं हिंदी डबिंग झालं तर? मराठी संवाद काढले की ताईंच्या पद्धतीत वाक्याच्या जागी भोकंच भोकं. माझी सलग पट्टी असेल तर खोली जागेवरच राहते. हे मी अनुभवानं बोलतोय, एकदा अख्खी फिल्म परत भरायला लागली होती.

कोरेगावकरीण
हा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे टाळाटाळ नाही. डबिंगसाठी वाक्याखालची जागाही भरून वेगळ्या ट्रॅकवर ठेवावी लागते. पण तो ट्रॅक मराठी मिक्समध्ये म्यूट असावा, नाहीतर परत फुगणं-आक्रसणं आलंच.

हळदपेठ_सांगली
म्हणजे काम दुप्पट. शॉर्टफिल्मवाल्याला ते कोण देणार? मी पट्टी 6 डेसिबल खाली ठेवीन, मग वाक्याखाली खोली जेमतेम एका डेसिबलनं वर जाते. कोणाच्या बापाला कळत नाही.

कोरेगावकरीण
वाक्याखाली एकच डेसिबल, कबूल. पण जिथे नुसती पट्टी आहे तिथे खोली 6 डेसिबल खाली पडली ना? ज्या भोकासाठी हा खटाटोप केला तेच अर्धं उघडं राहिलं.

हळदपेठ_सांगली
अर्धं बुजलं असं म्हणा की.

मेनवली_घाट
काल रात्री बसलो. आजीकडचे अकरा तुकडे निघाले, नातवाकडचे सहाच. पारवा गेला, श्वास गेला. मित्रानं ऐकलं, काही बोलला नाही, म्हणजे पास. रीपर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सांगतो. कापलेला तुकडा ओढून लांब केला की तो तुकडा लूप होत नाही, मूळची अख्खी फाइल पुढे वाजत राहते, आणि माझ्याकडे तिथे 'कट' असं ओरडणं आलं! आधी ग्लू करून त्याची वेगळी फाइल करायची, मग ओढायचा.

एक अडलंय. शेजारच्या मळ्यातली मोटर आजीच्या शेवटच्या वाक्याच्या मधेच बंद झाली. आधीच्या सगळ्या टेकमध्ये तिची गुणगुण आहे, या टेकच्या उत्तरार्धात नाही. आणि अभिनय याच टेकचा चांगला आहे.

कीर्तनरंग
आता तरी नॉइज रिडक्शन करा म्हणतो मी.

कोरेगावकरीण
या वेळी अगदीच चूक नाही तुम्ही. पण गुणगुण काढताना आजीचा खालच्या पट्टीतला आवाजही खरवडला जाईल. मी उलटं करीन. मोटर चालू असतानाचा तुकडा घेऊन बंद पडल्यानंतरच्या अर्ध्या वाक्याखाली घालीन, कारण तिथे मोटर नाहीच, गुणगुण दुप्पट व्हायचा धोका नाही. सांधा मात्र आवाजाच्या लाटेवर जुळवा. अशी एकसुरी गुणगुण सरसरीसारखी मिसळत नाही, लाट उलटसुलट जुळली तर तिथेच आवाज खचतो. लाटेचा शिखरबिंदू शिखराला लावा आणि इथे सरळ रेषेचाच क्रॉसफेड द्या.

तिसरी_घंटा
किंवा मोटर बंद पडू द्या. आजी बोलता बोलता मळ्यातली मोटर थांबली, आणि खोलीत पहिल्यांदाच काहीच उरलं नाही. मी तर यासाठी पैसे मोजले असते.

मेनवली_घाट
हे मित्राला ऐकवतो. पण मग मोटर तिच्या कुठल्या शब्दावर थांबवायची, यावर आमचं नवीन भांडण होणार.