मदत हवी आहे: चौथ्या लेनमधल्या फेऱ्यांचे किलोमीटर कसे मोजू?

माझ्या रनिंग प्लॅनमध्ये सगळं अंतर किलोमीटरमध्ये आहे आणि मी पळतो ४०० मीटरच्या ट्रॅकवर. आजवर सरळ हिशेब होता: अडीच फेऱ्या म्हणजे १ किमी, साडेबारा फेऱ्या म्हणजे ५ किमी. पण सगळ्यात आतली लेन वेगात पळणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात, म्हणून मी कायम चौथ्या लेनमध्ये असतो. आणि ४०० मीटर हे अंतर फक्त पहिल्या लेनचं, तेही आतल्या कडेपासून ३० सेंमीवर मोजलेलं, हे मला परवा कळलं!

मग कागद घेऊन बसलो. लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे एक लेन बाहेर गेलं की दोन वळणांचं मिळून फेरीमागे साधारण साडेसात मीटर वाढतात. चौथ्या लेनची फेरी सुमारे ४२२ मीटर येते. म्हणजे माझ्या साडेबारा फेऱ्या जवळजवळ ५.२८ किमी होत्या. ३५ मिनिटं लागायची, तर वेग किलोमीटरला ७ मिनिटं नसून साधारण ६:३८ निघतो. (जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

हे गणित बरोबर आहे का? आणि ५ किमीसाठी चौथ्या लेनमध्ये ११.८५ फेऱ्या येतात, तर तुम्ही सरळ १२ धरता का? इंटरव्हलच्या ४०० मीटरसाठी मात्र काय करायचं? तिथे २२ मीटर जास्त पळून वेळ कशाशी ताडून बघू?