मदत हवी आहे: दादा घर विकूही देत नाही, वाटणीही करत नाही

निशिगंध: साताऱ्यात पेठेत आमचं जुनं घर आहे, बाबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं. आई-बाबा दोघंही गेले, मृत्युपत्र नाही, प्रॉपर्टी कार्डावर मोठा दादा, मी आणि धाकटा अशी तिघांची नावं लागलीत. राहतो दादा, पुढच्या दुकानाचं भाडंही तोच घेतो. आम्ही दोघं म्हणतो विकूया नाहीतर आमचे पैसे दे, तर म्हणे "मी आहे तोवर वीट हलणार नाही". घराचं तोंड जेमतेम 14 फूट आणि मागे नुसती लांबलचक पट्टी, तीन भाग पाडणार तरी कसे? त्याची सही नसेल तर काहीच होत नाही का?

माणदेशी: तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटणीचा अर्ज टाका, वकीलही लागत नाही. आमची शेतवाटणी तशीच झाली.

काळा_कोट: माणदेशी, ते शेतजमिनीला, आणि तेही सगळे राजी असतील तर. ताई, तुम्हाला दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावावा लागेल, तो एकाच्या नकाराने अडत नाही. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त कुणाचा हिस्सा किती ते ठरतं. मग कोर्ट कमिशनर जागेवर येऊन मोजमाप करतो. 14 फुटी तोंडाचे तीन धड भाग पडणार नाहीत असा रिपोर्ट आला की 1893 चा वाटप कायदा कामाला येतो. निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांनी मागितलं तर कोर्ट विक्रीचा आदेश देऊ शकतं, तुमचे दोघांचे मिळून दोन तृतीयांश आहेत. पण तुम्ही विक्री मागितली की दादा म्हणू शकतो, मीच यांचे हिस्से घेतो, आणि मग कोर्टाने काढलेल्या किमतीला ते आधी त्यालाच द्यावे लागतात. समजा घराचे 60 लाख धरले, तर त्याने 40 आणायचे. म्हणून खरी मारामारी मूल्यांकनावर होते.

सुमन_का: आमच्या दिरांनी वैतागून आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, पण राहत्या घरात परक्याला सहताबा मिळत नाही म्हणे, तो दारातच अडकला. त्याने वाटपाचा दावा लावला तेव्हा कोर्टाच्या किमतीला आम्हीच तो हिस्सा घेतला. बाई, तुम्ही हिस्सा विकू नका हो!

निशिगंध: काकू, मी हिस्सा बाहेर विकतच नाहीये 🙂 दादाने घेतला तर उलट बरंच. पण दुकानाच्या भाड्याचं काय? आणि तो म्हणतो छप्पर मी स्वखर्चाने बदललं, ते वजा करा.

काळा_कोट: भाड्याचा हिशेब याच दाव्यात मागा, आणि घर परस्पर गहाण टाकू नये म्हणून मनाईचा अर्जही सोबतच द्या. छपराचं पावत्या बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. भाडेकरू जुना आहे का? घर विकलं म्हणून तो उठत नाही, त्यामुळे किंमत बरीच पडते. आधी भाडेकरार मिळवा.

निशिगंध: बाबांच्या काळापासूनचा आहे. करार दादाच्या कपाटात.

माणदेशी: मग भाडेकरूलाच मागा की, त्याच्याकडे एक प्रत असणारच.